आठ मिलिमीटरचा माणूस : एका उद्घाटनाच्या भाषणाचं प्रकरण

आठवी-नववीच्या मुलांनी शहरातल्या जुन्या वास्तूंच्या अकरा प्रतिकृती केल्या होत्या. काम सात आठवडे चाललं. प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होतं आणि उद्घाटनाचं भाषण मुख्याध्यापिका बाईंचं. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे भाषणाचा कच्चा मसुदा माझ्याकडे आला. तो मसुदा कसा फसला, बाईंनी तो कसा बदलला आणि प्रत्यक्ष बोलताना काय झालं, ते सगळं इथे मांडतो आहे. अशी भाषणं दरवर्षी कुणाला ना कुणाला लिहावीच लागतात.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहून काढला. घड्याळ लावून मोठ्याने वाचला, तर १८ मिनिटं लागली. वारसा, पूर्वजांचं कसब, नव्या पिढीची जबाबदारी, मग शिक्षकांचं कौतुक आणि शेवटी आभार, असा त्याचा क्रम होता. बाईंनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "सर, यातलं कुठलं वाक्य विज्ञान प्रदर्शनाला चालणार नाही?" मी पुन्हा वाचून पाहिलं. सगळीच चालली असती. मुलांनी सात आठवडे काय केलं, याचा त्यात एक शब्दही नव्हता, कारण तोवर मी मुलांना काम वाटून दिलं होतं, त्यांचं काम नीट पाहिलं नव्हतं.

बाईंनी मसुदा बाजूला ठेवला आणि त्याच संध्याकाळी एक वही घेऊन एकट्याच सभागृहात गेल्या. प्रतिकृती अर्धवट होत्या, मुलं डिंकाच्या हातांनी काम करत होती. बाई घड्याळाच्या मनोऱ्यापाशी थांबल्या. भिंती दगडी रंगात रंगवलेल्या, कोपऱ्याचे दगड वेगळ्या छटेत, खिडक्यांना बारीक चौकटी. वरचं छप्पर मात्र कोऱ्या करड्या पुठ्ठ्याचं.

"हे रंगवायचं राहिलंय का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई," नववीतली मुलगी म्हणाली. "ते आम्हाला माहीत नाही, म्हणून रंगवलं नाही."

आजचं छप्पर पत्र्याचं आहे आणि ते नंतर कधीतरी बसवलेलं आहे, हे जवळून पाहिल्यावर कळतं. मूळ छप्पर कौलांचं होतं, दगडी होतं की आणखी कसलं, हे दाखवणारं चित्र वा फोटो मुलांना मिळाला नव्हता. मग त्यांनी ठरवलं, की जे मोजलं आणि डोळ्यांनी पाहिलं ते रंगवायचं, जो अंदाज आहे तो कोरा ठेवायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. निदान मी तरी नाही.

बाईंनी त्याच मुलीला पुढे बोलतं केलं आणि उंचीची गोष्ट निघाली. मनोऱ्यावर टेप लावून उंची मोजता येत नाही, म्हणून मुलांनी सावलीचा आधार घेतला. एक मीटरची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी केली, तिची सावली ८० सेंटिमीटर पडली. त्याच वेळी मनोऱ्याची सावली भिंतीच्या पायथ्यापासून १२.४ मीटर भरली. भागाकार केला आणि उंची आली साडेपंधरा मीटर. वहीत आकडा लिहून मुलं मोकळी झाली.

त्यांच्यातल्या एकाला मात्र शंका आली, कारण त्याने दगडांचे थर मोजले होते. हात पोहोचतो तिथे प्रत्येक थर सांध्यासकट ३० सेंटिमीटरचा होता आणि छपराच्या खालपर्यंत ५० थर होते. म्हणजे नुसती भिंतच १५ मीटर. मग छपराला उरला अर्धा मीटर, आणि छप्पर तर खालून पाहिलं तरी माणसाच्या उंचीपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. कुठेतरी चुकलं होतं. चूक सापडली ती अशी, की सावलीचं टोक छपराच्या शेंड्याचं होतं आणि शेंडा भिंतीवर नाही, मनोऱ्याच्या मधोमध आहे. मनोरा चार मीटर रुंद, ऊन समोरच्या भिंतीवर सरळ येत होतं, म्हणून सावलीच्या लांबीत अर्धी रुंदी, म्हणजे दोन मीटर, मिळवायला हवी होती. १२.४ अधिक २ म्हणजे १४.४, त्याला ०.८ ने भागलं की १८ मीटर. भिंत १५, छप्पर ३. दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे जुळले, तेव्हा मुलांनी पुठ्ठा कापायला घेतला. एकास पन्नास प्रमाणाने मनोरा ३६ सेंटिमीटरचा झाला.

बाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "भाषण मनोऱ्यावर होईल. बाकीच्या दहा गटांना वाईट वाटणार नाही, ते तुम्ही बघा." ही जोखीम खरीच होती. अकरा गट, प्रत्येकाचे पालक हजर, आणि मुख्याध्यापिका एकाच प्रतिकृतीबद्दल बोलणार. पण अकरांना अर्धा-अर्धा मिनिट वाटून दिला असता, तर साडेपाच मिनिटांत फक्त नावांची यादी ऐकू आली असती. आम्ही असं ठरवलं, की मनोरा उदाहरण म्हणून घ्यायचा, पण त्यातून जे सांगायचं ते प्रत्येक टेबलावर दिसलं पाहिजे. म्हणून सगळ्या गटांना सांगितलं, की तुमच्या प्रतिकृतीतला अंदाजाचा भाग कोणता ते ठरवा आणि तो कोरा ठेवा. तीन गटांनी रंगवून झालेले भाग खरवडून काढले. एका गटाने रडारड केली, कारण त्यांचा सगळ्यात देखणा सज्जाच अंदाजाने केलेला निघाला.

मी बाईंना व्हेनिसच्या सनदेबद्दल सांगितलं. १९६४ साली जगभरचे वास्तुतज्ज्ञ आणि जतनतज्ज्ञ व्हेनिसला जमले आणि जुन्या वास्तूंच्या जतनासाठी त्यांनी एक सनद तयार केली. तिच्या नवव्या कलमात म्हटलं आहे, की जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि त्यापुढे काही करावंच लागलं तर ते नवं म्हणून वेगळं ओळखू आलं पाहिजे. मुलांनी पुठ्ठ्यात केलं होतं ते नेमकं हेच. मला वाटलं होतं, की बाई कलम वाचून दाखवतील. त्यांनी ते एका वाक्यात बसवलं आणि मुलांच्या कृतीनंतर ठेवलं. आधी सनद सांगून मग मुलांकडे वळलं असतं, तर मुलांनी नियम पाळला असं वाटलं असतं. प्रत्यक्षात त्यांनी तो स्वतः शोधला होता.

दुसरी अडचण प्रमाणाची होती आणि ती आमच्या नियोजनातलीच चूक होती. प्रत्येक गटाने टेबलावर मावेल ते प्रमाण घेतलं. साठ मीटर लांबीचा दगडी पूल एकास दोनशेने ३० सेंटिमीटरचा झाला. चार मीटर उंचीचं कारंजं एकास दहाने ४० सेंटिमीटरचं. शेजारी १८ मीटरचा मनोरा ३६ सेंटिमीटरचा. म्हणजे सभागृहात शिरणाऱ्याला कारंजं मनोऱ्यापेक्षा उंच आणि पुलापेक्षा भव्य दिसत होतं. पुन्हा सगळं एका प्रमाणात करायला वेळ नव्हता, आणि केलंही असतं तरी कारंजं दोन सेंटिमीटरचं झालं असतं आणि त्यावरचं कोरीव काम संपलं असतं. पाटीवर प्रमाण लिहिलेलं होतं, पण एकास दोनशे वाचून पूल किती मोठा ते फार थोड्यांना कळतं.

उपाय कलाशिक्षिकांनी काढला. प्रत्येक प्रतिकृतीच्या पायथ्याशी १.६ मीटर उंचीचा एक माणूस त्या-त्या प्रमाणात कापून लावायचा. कारंज्यापाशी तो १६ सेंटिमीटरचा झाला, मनोऱ्यापाशी ३.२ सेंटिमीटरचा आणि पुलावर अवघा आठ मिलिमीटरचा. पुलावरचा माणूस चिमट्याने चिकटवावा लागला. तो लावताच पूल मोठा झाला. मी स्वतः पाहिलं, आधी ती एक ठेंगणी वस्तू होती, नंतर तिच्या कमानीखालून नाव जाईल असं वाटायला लागलं.

बाईंना हा माणूस भाषणात हवाच होता. सरावाच्या वेळी त्यांनी आठ मिलिमीटरचा माणूस बोटाच्या टोकावर घेऊन दाखवला आणि पाचव्या रांगेतून काहीही दिसलं नाही. नुसतं वर केलेलं बोट दिसत होतं. म्हणून वस्तू दाखवणं सोडून दिलं आणि तिच्या जागी श्रोत्यांना एक काम द्यायचं ठरलं. आत गेल्यावर आधी माणूस शोधा, मग इमारत पाहा. माझ्या मते भाषणातला हा सगळ्यात उपयोगी बदल. लोक भाषण ऐकून लगेच टेबलांकडे जाणार होते, त्यामुळे भाषणाने त्यांच्या हाती काहीतरी द्यायला हवं होतं.

माझ्या मसुद्यातला एकच परिच्छेद शेवटपर्यंत टिकला, तोही तीन वाक्यांवर आला. तो वॉर्साचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने ते शहर पद्धतशीर उद्ध्वस्त केलं. युद्धानंतर जुनं शहर पुन्हा उभारताना, वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी मोजमापं घेऊन काढलेले आराखडे कामी आले, आणि १९८० साली त्या जुन्या शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मी त्यावर दीड पान लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "मुलांना असं वाटायला नको, की त्यांच्या पुठ्ठ्यावरून उद्या कुणी शहर बांधणार आहे. मोजमापाच्या वह्यांबद्दल बोला." आणि त्यांनी आणखी एक केलं. सगळ्या गटांच्या मोजणीच्या वह्या, डागांसकट आणि खोडलेल्या आकड्यांसकट, प्रतिकृतींशेजारी ठेवायला लावल्या. मनोऱ्याच्या वहीत खोडलेलं १५.५ स्पष्ट दिसत होतं.

सगळ्यात नाजूक जागा जुन्या मंडईची होती. ती इमारत पाडून बरीच वर्षं झाली आहेत. मुलांकडे एकच फोटो होता, समोरून काढलेला, त्यात पाच कमानी दिसतात आणि उजवीकडे फोटोची कडा येते. पुढे किती कमानी होत्या, ते फोटो सांगत नाही. माझ्या मसुद्यात मी बिनधास्त "सात कमानींची देखणी मंडई" असं लिहिलं होतं, कारण लहानपणापासून तसंच ऐकत आलो होतो. मुलांनी ज्या वृद्धांना विचारलं त्यांच्यातले काही सात म्हणाले, काही सहा. शेवटी गटाने पाचच कमानी केल्या आणि उजवी बाजू तुटल्यासारखी उघडी सोडली. बाईंनी "सात" खोडलं.

भुयाराचंही असंच झालं. मनोऱ्यातून नदीपर्यंत भुयार आहे, ही गोष्ट शहरात प्रत्येकाला माहीत आहे. मुलांनी तळघर पाहिलं, तिथे चारही बाजूंना पक्की भिंत होती. भाषणात ते गाळावं का, यावर आमची चर्चा झाली. गाळलं असतं तर निम्मे पालक मुलांना तेच विचारत बसले असते. म्हणून ते लोक सांगतात तसं सांगायचं आणि मुलांना काय दिसलं तेही सांगायचं, असं ठरलं.

प्रत्यक्षातलं भाषण सात मिनिटांचं झालं. त्यातला मधला भाग मी तेव्हाच लिहून घेतला होता, तो जवळजवळ तसाच देतो.

"पालकहो, आत गेल्यावर तुम्हाला काही प्रतिकृतींचे भाग कोरे दिसतील. कुणालाही रंगवायचं राहिलं का, असं विचारू नका. ती चूक मी केली आहे. रंगवलेला भाग मुलांनी स्वतः मोजला किंवा पाहिला आहे. कोरा भाग हा त्यांचा अंदाज आहे. घड्याळाच्या मनोऱ्याची उंची त्यांनी आधी साडेपंधरा मीटर काढली होती. मग एका मुलाने दगडांचे थर मोजले आणि उत्तर चुकल्याचं सगळ्यांना दाखवलं. खरी उंची १८ मीटर आहे. खोडलेला आकडा वहीत तसाच आहे, तो जरूर पाहा. जुन्या वास्तू जपणारी जगभरची माणसं १९६४ साली एकत्र आली आणि त्यांनी ठरवलं, की अंदाज सुरू झाला की हात थांबवायचा. आपल्या मुलांचा हात तिथेच थांबला आहे.

"मनोऱ्यातून नदीकडे भुयार जातं, असं आपण सगळे ऐकत आलो आहोत. मीही मुलींना सांगितलं आहे. मुलं तळघरात उतरली, त्यांना चारही बाजूंना भिंत दिसली. प्रतिकृतीत भुयार नाही, त्याचं कारण एवढंच.

"प्रत्येक प्रतिकृतीपाशी एक छोटा माणूस उभा आहे. आधी तो शोधा. तो तुमच्याएवढा आहे असं समजा आणि मग मान वर करून इमारत पाहा. पुलावरचा माणूस तांदळाच्या दाण्याएवढा आहे, त्याला शोधायला वेळ लागेल. घाई करू नका."

मग त्या मंडईकडे वळल्या. "मंडईच्या फोटोत पाच कमानी दिसतात. पुढे किती होत्या ते मुलांना माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला..." एवढं म्हणेपर्यंत तिसऱ्या रांगेतून एक आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, "सात होत्या. लिहून घ्या, सात!" मागून लगेच कुणीतरी सहा म्हणालं. सभागृहात कुजबूज वाढली. असं होईल, याची आम्ही तयारी केली नव्हती, आणि करायला हवी होती. भर भाषणात लोकांना प्रश्न विचारला तर कुणीतरी उत्तर देणारच.

बाई क्षणभर थांबल्या. त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही मंडईच्या टेबलापाशी बसाल का? मुलं तुमच्याकडून ऐकून लिहून घेतील. आणि मागे जे सहा म्हणाले, त्यांनीही यावं. एकाच वेळी नको, एकेक करून या, म्हणजे दोघांचं नीट ऐकता येईल." एकेक करून, हे त्यांना तिथल्या तिथे सुचलं, आणि साक्ष घ्यायची बरोबर रीत तीच आहे. दोघं एकत्र बसले असते, तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या कमानी खऱ्या ठरल्या असत्या.

एक गोष्ट मात्र राहून गेली, आणि तिची जबाबदारी माझी आहे. मनोऱ्याचं कुलूप उघडून देणारे, मुलांबरोबर जिन्यावर चढणारे आणि तळघरात कंदील धरणारे राखणदार शेवटच्या रांगेत उभे होते. भाषण १८ मिनिटांवरून सातवर आणताना आभाराची यादी कापली, त्यात त्यांचं नाव गेलं. पाहुण्यांची नावं राहिली आणि त्यांचं गेलं. मनोऱ्याच्या गटातली मुलं एकमेकांकडे पाहायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाईंना सांगताच त्या थेट त्यांच्याकडे गेल्या आणि पहिल्या टेबलापाशी त्यांना घेऊन आल्या, पण माईकवरून जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. यापुढे यादी कापायची वेळ आली, तर ज्याच्याशिवाय प्रतिकृती झालीच नसती, त्याचं नाव मी शेवटपर्यंत ठेवीन आणि पाहुण्यांचं आधी काढीन.

लोक टेबलांकडे गेल्यावर भाषणाचा परिणाम लगेच दिसला. पुलापाशी माणसं वाकून, चष्मा सरकवून माणूस शोधत होती. "रंग राहिलाय" असं मी दोनदाच ऐकलं, दोन्ही वेळा उशिरा आलेल्यांकडून. म्हणजे जे भाषणाला नव्हते, त्यांच्यासाठी तीच गोष्ट पाटीवर लिहून लावायला हवी होती. दुपारनंतर ती लावली.

आजोबा मंडईच्या टेबलापाशी पाऊण तास बसले. गटातल्या मुलीने त्यांना किती कमानी होत्या हे विचारलंच नाही, तुम्ही मंडईत कुठे असायचात, असं विचारलं. वडिलांचा गाळा शेवटच्या कमानीखाली होता, म्हणाले. तिथे पावसाळ्यात बसता यायचं नाही, कारण कमानीला लागूनच छतावरच्या पाण्याचा लोखंडी नळ उतरत होता आणि तो गळायचा. मुलीने फोटो पुढे ओढला आणि भिंगातून पाचवी कमान पाहिली. तिच्या दोन्ही बाजूंची भिंत फोटोत स्वच्छ आहे. नळ नाही.

म्हणजे पाचवी कमान शेवटची नव्हती, निदान आणखी एक होती. सात की सहा, ते त्यावरून ठरत नाही, आणि मुलीने आजोबांना तसं सांगितलं. ते थोडे नाराज झाले, पण उठले नाहीत. सहा म्हणणाऱ्यांची आठवण मुलांनी नंतर वेगळी लिहून घेतली. त्यांना नळ आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडण्याआधी मुलांनी सहावी कमान कापून लावली. रंग दिला नाही. तिच्या पलीकडे एका कमानीएवढी जागा पाटावर मोकळी सोडली आणि नळाची गोष्ट तारखेसकट वहीत लिहिली.